भूपात कोमल गंधार कुठून आला?

गुणगुणलेली चाल संगणकाला ऐकवावी आणि त्याने ती लिहून द्यावी, ही मागणी जुनी आहे. त्यातले अर्धे काम आता जवळपास जमले आहे. एकट्या गळ्याचा स्वर कोणत्या क्षणी किती हर्ट्‌झवर होता, हे 2002 मध्ये मांडलेल्या ‘यिन’ पद्धतीपासून बऱ्याच भरवशाने कळते. त्याआधीच्या पद्धती वारंवार एक सप्तक घसरायच्या. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातला ‘टोनी’ हा मोफत प्रोग्रॅम ‘यिन’च्याच सुधारित रूपावर चालतो आणि आवाजाची रेघ पडद्यावर काढून दाखवतो.

घोळ होतो तो त्या रेघेचे सूर पाडताना. 1983 पासून चालत आलेल्या मिडीत 0 ते 127 असे क्रमांकच आहेत, जणू पेटीच्या पट्ट्या. मधल्या पट्ट्या नाहीतच.

भूपातली एखादी साधी चाल घ्या. गाणारीने सा धरला आहे 270 हर्ट्‌झवर, म्हणजे काळी एकच्या जरा खाली. 440 हर्ट्‌झच्या प्रमाणाने मोजले तर हा सा 60.55 वर येतो, दोन क्रमांकांच्या ऐन मध्याजवळ. गळा किंचित हलला की प्रोग्रॅम कधी 60 लिहितो, कधी 61, आणि एका लांब षड्‌जाच्या जागी आखूड सुरांची रांग लागते. गाणारी बेसूर नसते, मापपट्टी चुकीची असते. प्रमाण 440 ऐवजी 428.6 केले की सा बरोबर 61 वर बसतो आणि ही रांग बहुतांशी नाहीशी होते.

मींडेवर मात्र असा सोपा इलाज नाही. गंधार 65, रिषभ 63. गंधारावरून षड्‌जावर आवाज घसरत आला की वाटेतले 64 आणि 62 ही नोंदले जातात, म्हणजे कोमल गंधार आणि कोमल रिषभ! भूप गाणाऱ्याने जे सूर घ्यायचेच नाहीत ते कागदावर येतात. फार आखूड सूर गाळायला सांगितले तर ते जातात, पण त्यांच्याबरोबर कण आणि मुरक्याही जातात.

स्पॉटिफायचा 2022 मधला ‘बेसिक पिच’ सुरासोबत पिच बेंडही नोंदवतो, त्यामुळे घसर ऐकायला राहते. स्वरलिपीत छापताना मात्र ती कुठे दाखवायची हे त्याला कळत नाही; ते माणसालाच ठरवावे लागते.

लयीचे दुखणे वेगळे. ठेका न लावता गायलेली चाल म्यूझस्कोरमध्ये उघडली की सरळ चार मात्रांच्या ओळीत बत्तिसाव्या अंशाच्या नोटा आणि विराम घुसतात. कानात मेट्रोनोम लावून गायले तर हे बरेच टळते. तानपुराही हेडफोनवरच ठेवावा, कारण एकाच आवाजासाठी बनलेली पद्धत तानपुऱ्याच्या तारेलाच गळा समजू शकते.

पेटीवर एकेरी सुरात, जोड न लावता वाजवलेली चाल आज फारशा दुरुस्तीशिवाय उतरते. गळ्यावरची चाल उतरवताना यंत्राचा मसुदा घ्यावा, पण सा आणि मींडा आपणच तपासाव्यात.