फेइजाँव धरणाचा अहवाल वाचताना: ‘ट्रिगर’च्या मागे काय निसटतं?

२५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यूजवळचं फेइजाँव खाणीचं ‘डॅम १’ फुटलं. सुमारे २७० माणसं गेली. पीटर रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. टेलिंग्ज डॅमवर काम करायचं असेल तर तो वाचाच, पण त्याचा जोर कुठे आहे हेही तपासा.

आधी पद्धती. खाणीचा ओला चुरा साठतो तसा बांध टप्प्याटप्प्याने वाढवतात. डाउनस्ट्रीम पद्धतीत माथा बाहेर सरकतो. नवा भराव जुन्या बांधावर आणि मूळ जमिनीवर बसतो, पण माल आणि जागा फार लागते. सेंटरलाइनमध्ये माथा सरळ वर जातो, त्यामुळे भरावाचा थोडा भाग चुऱ्यावर येतो. अपस्ट्रीममध्ये माथा आत सरकतो आणि नवा बांध साठलेल्या चुऱ्यावरच उभा राहतो. म्हणजे तो चुरा हाच पाया.

डॅम १ अपस्ट्रीम होतं. अहवालाचा सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे. सुरुवातीच्या टप्प्यांनंतर उतार आत घेतला गेला, त्यामुळे वरचा भाग बारीक, कमजोर चुऱ्यावर आला. आतून निचऱ्याची सोय अपुरी होती, म्हणून पाणी साचून राहिलं. असा सैल, ओला चुरा ताण वाढला की आकसू पाहतो. पाणी बाहेर पडू शकत नाही, छिद्रदाब वाढतो आणि ताकद एकदम कोसळते. म्हणून आधी डोळ्यांना काहीच दिसलं नाही. सात दिवस आधीच्या ड्रोन चित्रणातही नाही.

खटकतं ते पुढचं. ट्रिगर कोणता, यावर अहवाल बराच खर्ची पडतो. समितीच्या मते चुऱ्याचं हळूहळू सरकत राहणं (क्रीप) आणि पावसाने वरच्या थरातलं सक्शन कमी होणं. बार्सिलोनाच्या सीआयएमएनई संस्थेने २०२१ मध्ये मात्र त्या वेळी चालू असलेल्या बोअरिंगकडे बोट दाखवलं. म्हणजे ट्रिगरवर एकमत नाही. पण बांध आधीच काठावर होता, यावर दोघांचा वाद नाही. २०१८ च्या तपासणीत निचरा न होण्याच्या स्थितीतला सुरक्षा गुणांक १.०९ आला होता. इतक्या कमी शिलकीत कोणतंही निमित्त पुरतं.

मग ‘अपस्ट्रीम वाईट, बाकीच्या चांगल्या’ असा निष्कर्ष काढायचा का? नाही. कॅनडातलं माउंट पॉली २०१४ मध्ये फुटलं, ते सुधारित सेंटरलाइनचं. तिथे जमिनीखालचा मातीचा थर दगा देऊन गेला, आणि बाहेरचा उतार ठरल्यापेक्षा तीव्र, १.३ ला १, ठेवला होता.

आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखबांध पावसाळ्यात फुटला. अशा घटनेचा अहवाल हाती आला तर पाऊस किती पडला याआधी हे शोधा: शेवटचा टप्पा नेमका कशावर बसला होता, आणि त्याखालचं पाणी कुठून निघत होतं?