मीठ कमी आहे

हल्ली पुष्कळ घरांतून एक चांगली प्रथा पडली आहे. आजीला किंवा आजोबांना पंच्याहत्तर वर्षे झाली, की त्यांच्या आठवणींचे एक लहानसे पुस्तक घरच्यांपुरते छापायचे. अशी पुस्तके माझ्याकडे अभिप्रायासाठी, आणि कधी छापण्यापूर्वी हात फिरवण्यासाठी, येत असतात. पहिली वही आणि छापायची प्रत एकदमच हाती पडली, म्हणजे मी दोन्ही शेजारी ठेवून वाचतो. फार वेळा असे दिसते, की वहीत एक बाई बोलत होती आणि छापील प्रतीत कोणीच बोलत नाही. चुका गेलेल्या असतात; त्यांच्याबरोबर बाईही गेलेली असते.

हे कसे घडते, ते मोघम सांगून कळायचे नाही. म्हणून अशाच एका वहीतला उतारा, लिहिणाऱ्या आजींच्या परवानगीने, पुढे देतो. आजी रत्नागिरीकडच्या. नाव सांगण्याची त्यांची इच्छा नाही.

‘तर आषाढात आई गेली. चुलीवर पेज होती ती उतू गेली म्हणून आत्या आत धावली तेव्हा तिला कळले. पेज गेली सगळी. मी दहा वर्षांची, बाळू पाळण्यात. आत्या म्हणाली आता रडू नको आधी बाळूला घे. घेतला. तेव्हापासून घेतलेला आहे तो, अजून खाली ठेवलेला नाही, आता त्याला सून आली तरी. अण्णा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले मीठ कमी आहे. तर अशी मी स्वयंपाकाला लागले.’

घरातल्या एका सुशिक्षित पुतण्याने मोठ्या मायेने या उताऱ्यावर काम केले. त्याची प्रत अशी:

‘आषाढ महिन्यात माझ्या मातोश्रींचे निधन झाले. त्या वेळी मी अवघी दहा वर्षांची होते व धाकटा भाऊ बाळू तान्हा होता. आत्याने मला धीर देऊन बाळूची जबाबदारी माझ्यावर सोपवली व ती मी आजतागायत पार पाडत आले आहे. या घटनेचा वडिलांना तीव्र धक्का बसला. तीन दिवस ते कोणाशीही बोलले नाहीत. अशा रीतीने लहान वयातच स्वयंपाकघराचा भार माझ्यावर येऊन पडला.’

या दुसऱ्या उताऱ्यात व्याकरणाची चूक एकही नाही. शाळेत त्याला चांगले गुण मिळतील. पण तो कोणाचाही असू शकतो. आई गेलेल्या कोणत्याही मुलीच्या नावावर तो खपेल, आणि ज्या एका मुलीची ती आई होती तिच्या नावावर मात्र शोभणार नाही.

काय काय गेले ते पाहू. पहिली गेली पेज. आत्याला मृत्यू कळला तो पेज उतू गेल्यामुळे. चुलीपाशी कोणी उरले नाही, हे त्या उतू जाण्याने सांगितले. मग आजी लिहितात, ‘पेज गेली सगळी.’ आई गेली आणि पेज गेली, या दोहोंना त्यांनी एकच क्रियापद वापरले आहे. दहा वर्षांच्या मुलीला त्या क्षणी नुकसान कळले ते पेजेचे. पुतण्याने पेज ‘अनावश्यक तपशील’ म्हणून काढली आणि ‘गेली’चे ‘निधन झाले’ केले. दोन्ही दुरुस्त्या वेगवेगळ्या पाहिल्या तर किरकोळ आहेत. एकत्र पाहिल्या, तर त्या मुलीचे डोळेच काढून घेतले आहेत.

दुसरे गेले ‘घेतला.’ एका शब्दाचे वाक्य. आत्या म्हणाली घे, आणि मुलीने घेतला; रडायला किंवा विचार करायला मध्ये जागाच नव्हती, म्हणून वाक्यातही जागा नाही. पुढच्याच वाक्यात ‘घेतला’चे ‘घेतलेला आहे’ होते आणि कडेवरचे मूल सगळ्या आयुष्याचे होऊन बसते. ‘जबाबदारी पार पाडत आले आहे’ या शब्दांत वजन पुष्कळ आहे. पण ते कडेवर जाणवत नाही.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान, मिठाचे. ‘तीव्र धक्का बसला’ हे आजींनी कुठेही लिहिलेले नाही. त्यांनी एवढेच लिहिले, की अण्णा तीन दिवस बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी म्हणाले, मीठ कमी आहे. त्या तीन शब्दांत बापाचे दुःख आहे, त्याचे पुन्हा संसाराला लागणे आहे, आणि हातचे जेवण बदलल्याची जाणीवही आहे. ते वाचकाने आपण ओळखायचे. पुतण्याने उत्तर आधीच सांगून टाकले आणि कोडे खोडले.

येथे कोणी विचारील, की मग काय वही जशीच्या तशी छापायची? मुळीच नाही. वहीत दोषही होते, आणि दोषांना लकब म्हणून कुरवाळणे हा तितकाच मोठा अन्याय आहे. प्रश्न असा, की दोष कोणता आणि लकब कोणती, हे ओळखावे कसे? मी स्वतः पहिल्या वाचनाला पेन्सिल हातात घेत नाही. दुसऱ्या वाचनाला निराळ्या कागदावर, जे जे पुन्हा पुन्हा येते त्याची नोंद करतो. मग प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न विचारतो: हे तेथे काही काम करते आहे काय? आणि वाचक येथे अडखळतो काय?

आजींचा ‘तर’ घ्या. वहीभर तो पसरलेला आहे. मोठ्याने वाचल्यावर ध्यानात आले, की बहुतेक ठिकाणी तो ठरावीक जागी येतो: काही जड सांगायचे असते तेव्हा, नाही तर जड सांगून झाल्यावर तेथून उठायचे असते तेव्हा. वरच्या उताऱ्यात तो पहिल्या आणि शेवटच्या वाक्याच्या तोंडाशी आहे. दाराच्या दोन फळ्यांसारखा. तो काढता येत नाही. पण बाजाराच्या यादीत आणि पाहुण्यांच्या नावांत आलेले काही ‘तर’ नुसते हात थांबला म्हणून पडलेले होते. ते मी काढले. गंमत अशी, की ते काढल्यावर उरलेले अधिक ऐकू येऊ लागले.

उलट हे वाक्य पाहा: ‘तिने सांगितले की तिची बांगडी तिच्याकडे आहे.’ येथे तीन बायका आहेत आणि आजींना त्या तिन्ही डोळ्यांसमोर दिसत आहेत. वाचकाला एकही दिसत नाही. हा निखळ दोष. पण त्यासाठी वाक्य मोडून नवे रचण्याचे कारण नाही. ‘आत्याने सांगितले की आईची बांगडी काकूकडे आहे.’ तीन सर्वनामांच्या जागी तीन नावे बसली. चाल आजींचीच राहिली. दुरुस्ती जेथे दुखते तेथेच करावी, एवढेच हे सूत्र.

शुद्धलेखनाचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. ‘आणी’चे ‘आणि’ बेलाशक करावे. त्या दीर्घ वेलांटीत आजींचा आवाज नाही. उच्चारच निराळा असेल तर मात्र थांबावे. साहित्य महामंडळाच्या 1962 सालच्या लेखनविषयक नियमांतही पात्रांच्या तोंडच्या बोलण्याला त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा ठेवलेली आहे. विरामचिन्हांचेही तसेच. ‘रडू नको’च्या पुढे मी एक स्वल्पविराम दिला. मात्र ‘मीठ कमी आहे’ला अवतरणचिन्हे दिली नाहीत. ती दिली असती, तर ते वाक्य ताटात वेगळे वाढल्यासारखे दिसले असते. आजींनी ते कालवलेले आहे.

आणि जेथे मजकूरच चुकीचा वाटतो, तेथे? आजी म्हणतात, आई गेली तेव्हा त्या दहा वर्षांच्या आणि बाळू पाळण्यात. पुढे लिहितात, एकोणिसाव्या वर्षी त्यांचे लग्न झाले तेव्हा बाळू दुसरीत होता. हिशेब जुळत नाही. नऊ वर्षांचा मुलगा चौथीच्या आसपास हवा. पुतण्याने मुकाट्याने ‘चौथीत’ केले. मी समासात प्रश्नचिन्ह घातले आणि वही आजींकडे परत पाठवली. उत्तर आले: ‘दुसरीतच. पऱ्ह्यापलीकडे शाळा, उचलून न्यायला मीच, आणि मला घरातून सुटका नाही. दोन वर्षे उशिरा घातला.’ हे वाक्य पुस्तकात आता आहे. तर्काने दुरुस्त केलेली चूक तेवढ्यावर संपते. विचारलेली चूक कधी कधी एक नवी आठवण देऊन जाते.

याच्या उलट टोकाचा एक दोषही सांगायला हवा, कारण तो रसिकांकडून होतो. आजींच्या शैलीवर खूष होऊन संपादक स्वतःच चार ‘तर’ जास्त पेरतो, साध्या वाक्यालाही कोकणी वळण देतो. ती मग आजींची नक्कल होते. जे त्यांनी लिहिले नाही ते त्यांच्या लकबीत लिहिणे, हेसुद्धा त्यांचा आवाज घालवणेच आहे.

मोठ्या साहित्यात या दोन्ही वाटा पाहायला मिळतात. अमेरिकेतील कवयित्री एमिली डिकिन्सन 1886 साली वारली. चार वर्षांनी मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन यांनी तिच्या कवितांचे पहिले पुस्तक काढले. ते तिचे चाहते होते. त्यांनी तिच्या जागोजागच्या आडव्या रेघांऐवजी रूढ विरामचिन्हे घातली, काही ठिकाणी यमक जुळावे म्हणून शब्द बदलले, कवितांना मथळे दिले. पुस्तक लोकांना आवडलेही. पण त्या रेघांशी तिचा श्वास थांबत होता, हे वाचकांना नीट दिसायला थॉमस जॉन्सन यांची 1955 सालची आवृत्ती यावी लागली. आपल्याकडे बहिणाबाई चौधरींच्या कविता 1952 साली पुस्तकरूपाने आल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. ओव्या दुसऱ्यांनी टिपून ठेवल्या होत्या. सोपानदेव स्वतः कवी, आणि पुस्तकाचा पुरस्कार करणारे अत्रे म्हणजे शाळेची क्रमिक पुस्तके रचणारे लेखक. दोघांनाही प्रमाण मराठीचा पेहराव चढवणे अवघड नव्हते. पुस्तकात मात्र खानदेशची बोली बोलीच राहिली, आणि अनोळखी शब्दांसकट महाराष्ट्राने ती आपली म्हटली.

डिकिन्सनच्या रेघा परत आणता आल्या, त्याचे कारण अगदी साधे आहे: तिची हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. म्हणून या दिवाळीत कोणाच्या घरी अशी वही दुरुस्तीला काढलेली असेल, तर माझी एकच विनंती आहे. दुरुस्त्या नकलेवर कराव्यात, मूळ वहीवर नव्हे. आणि पुस्तक छापून आल्यावर वही रद्दीत घालू नये. आपण कितीही जपून हात फिरवला, तरी आपल्याला न दिसलेले मीठ त्या वहीत कुठेतरी असतेच. ते पुढे एखाद्या नातीला सापडेल.