मनगटावरील घड्याळाचे विलोपन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

येवगेनी खाल्देई यांनी २ मे १९४५ रोजी बर्लिनमधील राइशस्टागवर टिपलेल्या ध्वजारोहणाच्या छायाचित्रात, ध्वजधारकाला आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. ती लुटीची खूण ठरेल, या भीतीने एक घड्याळ निगेटिव्हवरून सुईने खरवडण्यात आले. ते होकायंत्र असावे, असेही एक मत आहे.

या तंत्राची मर्यादा लक्षणीय आहे. निगेटिव्हवरील थर खरवडल्यास तेथून अधिक प्रकाश जातो व छापील चित्रात काळा ठिपका उमटतो. म्हणजेच सुई वस्तू नाहीशी करते. उजळ त्वचा निर्माण करीत नाही. त्यासाठी पेन्सिल वा रंगाने घनता वाढवावी लागते.

संगणकावर शेजारची त्वचा उचलून तेथे बसविता येते. तथापि पट्ट्याखालची त्वचा उन्हापासून झाकलेली असल्याने फिकट असते, आणि पट्टा मनगटाच्या हाडाचा उंचवटाही झाकतो. सर्वत्र एकच रापलेला रंग पसरविल्यास हात गुळगुळीत नळीसारखा भासतो. बाह्यरेषा तळव्यापासून बाहीपर्यंत अखंड जुळणे, हीच खरी कसोटी होय.

रशियन धर्मगुरू किरिल यांच्या छायाचित्रातील घड्याळ पुसले गेल्याचे एप्रिल २०१२ मध्ये उघड झाले. परंतु चकचकीत मेजावरील त्याचे प्रतिबिंब तसेच राहिले. चर्चने क्षमायाचना करून मूळ छायाचित्र पुन्हा प्रसिद्ध केले.

सारांश, झाकलेल्या त्वचेची नोंद छायाचित्रात मुळात नसतेच. म्हणून तिची पुनर्रचना हे पुनःस्थापन नसून अनुमान ठरते.