जाहिरात बंद करून पाहिली तर? ईबेच्या प्रयोगाची चिकित्सा

आज आपण एकाच निबंधाकडे नीट बघणार आहोत. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांचा हा निबंध २०१५ साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात आला. ईबे ही कंपनी गूगलवर शोध-जाहिरातींसाठी जो पैसा ओतत होती, त्यातून खरोखर जादा विक्री होत होती का, हा त्याचा विषय. 'गूगलच्या जाहिराती चालत नाहीत हे ईबेनं सिद्ध केलं' असं त्याच्याबद्दल सर्रास बोललं जातं. आमचं म्हणणं असं, की प्रयोग उत्तम आहे, पण हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आधी अडचण काय होती ते बघू. मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस पत्रकं वाटत उभा आहे. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो पत्रक देतो आणि संध्याकाळी मालकाला सांगतो, "आजची सगळी गिऱ्हाइकं माझ्या पत्रकामुळे आली." क्लिक मोजून केलेला जाहिरातीचा हिशेब बराचसा असाच असतो. जाहिरातीवर क्लिक करून कुणी खरेदी केली की ती विक्री जाहिरातीच्या खात्यात जमा होते. जाहिरात नसती तरी तो माणूस आलाच असता का, हे कुणी विचारत नाही.

मार्च २०१२ मध्ये ईबेनं हा प्रश्न विचारला. लोक शोधताना 'ईबे' हे नावच टाइप करतात, तिथल्या जाहिराती कंपनीनं याहू आणि एमएसएनवर बंद केल्या आणि तुलनेसाठी गूगलवर चालू ठेवल्या. जाहिरातीवरून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या दुव्यावरून तशाच आल्या. ही झाली पायरीवरची गिऱ्हाइकं.

पण ज्यानं 'ईबे' न लिहिता नुसतं 'वापरलेली गिटार' असं लिहिलं, त्याचं काय? तो जाहिरात नसती तर दुसरीकडे गेला असता. इथे भौगोलिक होल्डआउट, म्हणजे काही प्रदेश जाहिरातीविना राखून ठेवण्याची पद्धत कामाला आली. अमेरिकेत नील्सन कंपनीनं टीव्हीच्या प्रेक्षकमोजणीसाठी २१० बाजार-प्रदेश पाडलेले आहेत. त्यातल्या सुमारे ३० टक्के प्रदेशांत ईबेनं सुमारे ६० दिवस या जाहिराती बंद ठेवल्या आणि बाकीच्या प्रदेशांशी विक्रीची तुलना केली.

ही तुलना कशी करतात, ते छोट्या आकड्यांवर बघू. हे आकडे आम्ही समजण्यापुरते घेतलेत. समजा, बंद करायच्या प्रदेशांत आधी आठवड्याला १०० लाखांची विक्री होती आणि चालू प्रदेशांत २०० लाखांची. प्रयोगाच्या काळात चालू प्रदेशांत ती २१० लाख झाली, म्हणजे पाच टक्के वाढली. मग बंद प्रदेशांतही जाहिरात असती तर १०५ लाख व्हायला हवी होती. प्रत्यक्षात झाली १०३. म्हणजे जाहिरातीनं आणलेली जादा विक्री २ लाखांची. आता क्लिकचा हिशेब बघा. या प्रदेशांत आठवड्याचा जाहिरातखर्च दीड लाख होता आणि क्लिकवाल्यांची खरेदी १५ लाख. कागदावर खर्चाच्या दहापट! पण विक्रीवर सुटणारी रक्कम २० टक्के धरली, तर २ लाखांवर हातात पडतात ४० हजार. दीड लाख खर्चून ४० हजार मिळाले, म्हणजे परतावा उणे ७३ टक्के.

ईबेचा खरा निकाल याच जातीचा होता. जुन्या पद्धतीनं काढलेला परतावा ४,१०० टक्क्यांहून जास्त येत होता. प्रदेश आणि काळ यांतले फरक गणितानं वजा केले तरी १,६०० टक्क्यांहून जास्तच. प्रयोगानं दिला उणे ६३ टक्के. आमच्या मते निबंधातला सर्वांत मोलाचा धडा मधल्या आकड्यात आहे. भरपूर माहिती हाताशी होती, गणितही हुशारीनं केलं, तरी चूक गेली नाही. ज्याला आधीच खरेदी करायची आहे, तोच शोधतो आणि त्यालाच जाहिरात दिसते. ही गाठ जाहिरात मुद्दाम बंद केल्याशिवाय सुटत नाही.

आता आमची हरकत. उणे ६३ च्या भोवतीची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा उणे १२४ ते उणे ३ अशी आहे. उणे १०० म्हणजे जाहिरातीनं एकही जादा विक्री आणली नाही. उणे ३ म्हणजे खर्च जवळजवळ पूर्ण वसूल झाला. दोन्ही टोकं या पट्ट्यात बसतात! म्हणजे तोटा झाला एवढं म्हणता येतं, पण किती झाला हे फारसं कळत नाही. हा दोष लेखकांचा नाही. प्रदेशांची विक्री सण, हवामान, पगाराचे दिवस यांनी आपोआप हलत असते आणि जाहिरातीचा परिणाम त्या हेलकाव्यांत लपतो. आमच्या उदाहरणातली २ लाखांची घट दोन टक्क्यांच्या आत आहे. विक्री एरवीच तीन टक्के वरखाली होत असेल, तर ती दिसणार कशी? रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी २५ मोठे जाहिरात-प्रयोग तपासले, तेव्हा परताव्याचा पट्टा बहुधा शंभर टक्क्यांहून रुंद निघाला.

दुसरी हरकत सरासरीची. लेखकांनीच दाखवलंय, की नवे आणि क्वचित खरेदी करणारे लोक जाहिरातीमुळे आले. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर काही परिणाम झाला नाही, आणि क्लिकचा बराच पैसा त्यांच्यावरच जात होता. म्हणून सरासरी बुडाली. ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही असा छोटा विक्रेता ईबेचा आकडा उचलून आपली जाहिरात बंद करू लागला, तर तो चुकीचा धडा घेतोय. त्याची जवळपास सगळी गिऱ्हाइकं नवीच असतात.

तिसरी गोष्ट सीमांची. जाहिरात कुठे दाखवायची हे संगणकाच्या जोडणीवरून ठरतं, विक्री बहुतेकदा पत्त्यावरून मोजतात. माणूस एका प्रदेशात राहतो, कामाला दुसऱ्यात जातो. मग बंद प्रदेशातल्या लोकांनाही जाहिरात दिसते आणि परिणाम आहे त्याहून लहान भासतो. हे ओळखायला सोपी खूण आहे: बंद प्रदेशातल्या पत्त्यांवर जाहिरातीच्या किती क्लिक अजून येतायत, ते मोजायचं.

तेव्हा उद्या कुणी असा निकाल तुमच्यासमोर ठेवला, तर तीन गोष्टी मागा. एक, नुसता आकडा नको, पूर्ण पट्टा दाखवा. दोन, जाहिरात सगळीकडे चालू होती त्या जुन्या आठवड्यांवर हेच गणित चालवा. तिथे फरक शून्याच्या आसपास यायला हवा. नाही आला तर प्रदेशांची जोडी चुकली. तीन, नव्या आणि जुन्या गिऱ्हाइकांचे निकाल वेगळे मांडा. ईबेच्या निबंधानं पट्टा उघड छापला आणि गिऱ्हाइकंही वेगळी केली, म्हणून आज आपण त्याच्याशी वाद घालू शकतो. ६० दिवसांत एका नामांकित कंपनीला तोटा झाला, एवढं तो सांगतो. त्यापुढचं ऐकणाऱ्यांनी जोडलेलं आहे.