रेघ उभी, चमक आडवी

गेल्या आठवड्यात इंझोरीला घरी होते. रात्री लाइट गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात एक जुनं स्टीलचं ताट पालथं घालून, त्यावर तारेच्या घासणीने एकाच दिशेने रेघा ओढत बसले होते. आई म्हणाली, "काय करून रायली वं त्या ताटाले? धड होतं ते." मी म्हटलं, पीएचडी करून रायली. तिने कपाळावर हात मारला.

पण खरंच तेच करत होते. या ताटाने माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणातली सगळी चित्रं चुकीची ठरवली. चूक माझीच. पण त्या चुकीचं मूळ आमच्या क्षेत्रातल्या एका फार गाजलेल्या टिपणात आहे असं मला वाटतं, आणि आजची पोस्ट त्या टिपणाबद्दलच आहे: ब्रेंट बर्ली यांचं २०१२ सालचं, डिस्ने स्टुडिओतलं, 'फिजिकली बेस्ड शेडिंग'वरचं. 'रेक-इट राल्फ' या चित्रपटासाठी ही पद्धत तयार झाली, आणि पुढे बऱ्याच थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तिचे स्लायडर जसेच्या तसे आले.

आधी ताट बघू.

गुळगुळीत धातूवर बल्बचं प्रतिबिंब ठिपक्यासारखं दिसतं. सगळीकडे सारखा खरखरीत असेल तर तो ठिपका पसरून गोल डाग होतो. पण एकाच दिशेने घासलेल्या धातूवर त्याचा लांब पट्टा होतो. अशा पृष्ठभागाला आम्ही अॅनिसोट्रॉपिक म्हणतो, म्हणजे दिशेप्रमाणे वेगळा वागणारा. आता पट्टा कोणत्या दिशेने लांबतो? बहुतेक जण पटकन म्हणतात, रेघांच्या दिशेने. नाही. पट्टा रेघांना आडवा असतो.

कारण सोपं आहे. एक रेघ म्हणजे एक अगदी बारीक नाली. नालीच्या लांबीवर चालत गेलात तर चढउतार जवळजवळ नाही. नाली ओलांडून गेलात तर एक उतार, मग चढ, मग पुन्हा उतार. म्हणजे तिथले सूक्ष्म आरसे कललेले आहेत ते आडव्या दिशेने. प्रकाश विखुरतो तोही त्याच दिशेने.

हे घरी मोजता येतं. मोबाइलचा कॅमेरा आणि फ्लॅश अगदी जवळजवळ असतात, म्हणून उजेड आणि डोळा एकाच जागी आहेत असं धरायला हरकत नाही. मोबाइल ताटाच्या बरोबर वर, ४० सेंटिमीटरवर धरा. मोबाइलच्या खालच्या बिंदूवर ताट सरळ आरशासारखं चमकतं. तिथून बाजूला सरकलं की प्रकाश परत कॅमेऱ्यात यायला तिथले सूक्ष्म आरसे थोडे कललेले असावे लागतात. किती कललेले? सरकलेलं अंतर भागिले उंची, इतका त्यांचा उतार हवा.

ग्रेगरी वॉर्ड यांनी १९९२ मध्ये असे पृष्ठभाग प्रत्यक्ष मोजले आणि प्रत्येकाला दोन खरखरीतपणे दिले, एक रेघेच्या दिशेचा आणि एक आडवा. लाटलेल्या पितळेसाठी त्यांचे आकडे आहेत ०.०५ आणि ०.१६. त्यांच्या सूत्रात उतार या आकड्याइतका झाला की चमक मधल्या उजेडाच्या साधारण एक-तृतीयांशावर येते. मग आपल्या ४० सेंटिमीटर उंचीवर पितळेचा पट्टा रेघेच्या दिशेने मध्यापासून २ सेंटिमीटर, आणि आडवा ६.४ सेंटिमीटर पसरेल. उलटही करता येतं: फोटोतला पट्टा पट्टीने मोजा, उंचीने भागा, दोन्ही खरखरीतपणे हातात. एकच काळजी घ्या, एक्स्पोजर बरंच कमी ठेवा. मधला भाग पांढराफटक जळाला तर पट्टा आहे त्यापेक्षा रुंद मोजला जातो.

आता बर्लींचं टिपण. त्यांनी या दोन आकड्यांऐवजी कलाकाराला दोन स्लायडर दिले: `roughness` म्हणजे एकूण खरखरीतपणा, आणि `anisotropic` म्हणजे ताण किती. आतलं गणित एवढंच:

```
aspect = sqrt(1 - 0.9*anisotropic)
ax = roughness^2 / aspect
ay = roughness^2 * aspect
```

यातली चांगली गोष्ट आधी सांगते. `ax` आणि `ay` यांचा गुणाकार `anisotropic` बदलला तरी तोच राहतो. त्यामुळे ताण वाढवला म्हणून चमक मध्यभागी उगाच भडक किंवा मंद होत नाही, फक्त आकार बदलतो. आणि ०.९ मुळे गुणोत्तर १० च्या पुढे जात नाही. कलाकाराच्या हाती देण्याजोगी वस्तू आहे ही, आणि ती इतकी पसरली त्यात नवल नाही.

पितळेचे आकडे यात बसवून बघू. गुणोत्तर ०.१६ भागिले ०.०५, म्हणजे ३.२. त्यावरून `anisotropic` येतो साधारण ०.७६ आणि `roughness` साधारण ०.३०. आकडे बसतात. (शेपट्या जुळत नाहीत: वॉर्ड यांची चमक कडेला झपकन विझते, बर्लींची लांबवर रेंगाळते.)

पहिली तक्रार इथेच. स्लायडर अर्ध्यावर ठेवला तर गुणोत्तर जेमतेम १.८ होतं. ०.९ वर ५.३. शेवटच्या दहाव्या भागात ते ५.३ वरून थेट १० वर उडी मारतं. अर्ध्यावर 'निम्मा ताण' असेल असं समजून बसलात तर फसाल.

दुसरी तक्रार मोठी आहे, माझं प्रकरण तिनेच बुडवलं. सूत्रात `ax` मोठा आहे. म्हणजे एक्स दिशेला, मॉडेलच्या स्पर्शिकेच्या दिशेला, खरखरीतपणा जास्त. म्हणजेच चमक स्पर्शिकेच्या *दिशेने* लांबते. पण मी शिकले होते ते काजिया आणि के यांच्या १९८९ च्या केसाळ पृष्ठभागांच्या कामावरून. तिथे स्पर्शिका केसाच्या लांबीवर असते आणि चमक तिला आडवी. दोन्हीकडे शब्द तोच, 'स्पर्शिका'. एकात ती रेघ दाखवते, दुसऱ्यात चमक. दोघांत ९० अंशांचा फरक, आणि टिपण वाचून तो लक्षात येईल असं एकही ठळक वाक्य तिथे नाही, सूत्रातून काढावा लागतो. glTF फाइलच्या `KHR_materials_anisotropy` मध्येही दिशा चमकेचीच आहे, रेघेची नाही.

माझं काम फोटोवरून धातूच्या रेघांची दिशा ओळखण्याचं. तपासायला मी संगणकावर चित्रं बनवली आणि स्पर्शिका रेघेवर ठेवली. माझी पद्धत आणि माझी चित्रं दोन्ही एकाच चुकीच्या समजुतीवर, त्यामुळे उत्तरं छान जुळत होती! खऱ्या ताटाच्या फोटोवर मात्र प्रत्येक उत्तर बरोबर ९० अंशांनी फिरलेलं आलं. दोन आठवडे मी कॅमेऱ्याला दोष देत होते.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून एक परीक्षा सांगते. डब्याचं गोल झाकण घ्या, ज्यावर लेथच्या गोल गोल रेघा दिसतात. मोबाइल बरोबर वर धरला तर सगळीकडून चमक दिसेल, काही कळणार नाही. आता मोबाइल ८-१० सेंटिमीटर बाजूला न्या. झाकणाच्या मध्यातून निघून मोबाइलकडे जाणारा पंखा दिसेल; पलीकडच्या बाजूचं पातं फिकट. इथे रेघ प्रत्येक जागी वेगळ्या दिशेने वळते, आणि चमक तिथेच उमटते जिथे रेघ मोबाइलच्या दिशेला बरोबर आडवी आहे. अशा जागा मध्यातून जाणाऱ्या एका सरळ रेषेवरच असतात. त्या रेषेपासून काही ठरावीक अंश इकडेतिकडे चालतं, म्हणून मध्यात टोक आणि काठाला रुंदी. मोबाइल बाजूला नेत जाल तसा पंखा मिटतो, मध्याकडे आणाल तसा उघडतो.

संगणकातल्या झाकणावर स्पर्शिका ९० अंशांनी चुकली असेल तर पंखा येतच नाही. मध्याला स्पर्श करणारं एक कडं येतं, किंवा ताण कमी असेल तर त्याचा कमानीसारखा तुकडा. पंखा दिसला तर बरोबर, कमान दिसली तर दिशा फिरवा.

तिसरी गोष्ट टिपणात मुळीच नाही, पण स्पर्शिका टेक्स्चरमध्ये साठवणाऱ्या प्रत्येकाला अडते. रेघेला डोकं-शेपूट नसतं. १ अंश आणि १७९ अंश या जवळजवळ एकाच रेघेच्या दोन नोंदी आहेत. त्यांची सरासरी घेतली तर येते ९०, म्हणजे नेमकी उलटी दिशा, आणि झाकणावर एक विचित्र शिवण दिसते. उपाय जुना आहे: कोन दुप्पट करून त्याचे `cos` आणि `sin` साठवायचे, सरासरी काढायची, आणि शेवटी कोन निम्मा करायचा. २ आणि ३५८ ची सरासरी ० येते, तिचा निम्मा ०. झाकणाच्या अगदी मध्यावर मात्र हाही उपाय हरतो. तिथे रेघेला दिशाच नाही, म्हणून तिथे ताण शून्यावर उतरवावा लागतो.

इतकं सगळं बोलून बर्लींवर अन्याय नको. त्यांनी मुख्यतः ज्या १०० मोजलेल्या नमुन्यांवरून पद्धत घडवली ते सगळे दिशाहीन पदार्थ होते. अशा नमुन्यांतून रेघेचा प्रश्न वर येणारच नव्हता. माझं म्हणणं एवढंच, की ज्या स्लायडरला दिशा लागते त्याच्या शेजारी ती दिशा कशाची, रेघेची की चमकेची, हे लिहिलेलं असावं. वॉर्ड यांच्या १९९२ च्या लेखात दोन आकडे होते आणि ते मोजलेले होते. स्लायडर सोयीचा झाला, पण तो मोजमाप आपल्यापासून लपवतो.

सुधारलेली चित्रं आता पुन्हा बनवते आहे. ताट आईने परत घेतलं नाही. म्हणाली, "ठेव तुयापाशीच, त्याच्यात आता कोण जेवते." माझ्या टेबलावर ते पालथं पडलंय, रेघा उभ्या, आणि दिवा लावला की त्यावर आडवा पट्टा.