सगळीकडे सारखा उजेड

मंडळी, पडद्यावरचं हे चित्र नीट बघा. फोटो नाही हा. अजून न बांधलेल्या पुण्यातल्या एका ऑफिसचं संगणकावर काढलेलं चित्र आहे. धंद्यात याला रेंडर म्हणतात. कुणाचं ते सांगत नाही, कारण अशी चित्रं सगळेच काढतात, आम्हीसुद्धा काढली आहेत. मोकळ्या वर्कस्टेशनच्या रांगा, आवाज शोषणारं पांढरं सीलिंग, मागे काचेच्या मीटिंग रूम आणि सगळीकडे दुधासारखा सारखा उजेड. चुडाव्यातल्या कितीतरी घरांतली पोरं असल्या ऑफिसांत बसतात, म्हणून हे चित्र इथं आणलं.

आमची तक्रार त्या उजेडाबद्दल आहे.

या हॉलमध्येच बघा की. दारापाशी बसलेल्यांना पेपर वाचता येतो, मागच्या भिंतीपाशी येत नाही. बाजूच्या खिडकीतून आलेला उजेड आत जाताना झपाट्यानं कमी होतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामाचा उजेड पोचतो, असा साधा अंदाज आहे. या चित्रात खिडकीची कड 2.4 मीटरवर आहे, म्हणजे पाच-सहा मीटर. खोली मात्र 14 मीटर खोल आहे आणि खिडक्या फक्त पूर्वेला.

आषाढातला ढगाळ दिवस धरा. बाहेर साधारण 10,000 लक्स उजेड असेल. खिडकीपासून मीटरभरावर त्यातला पाच टक्के, म्हणजे 500 लक्स मिळाला, तर नऊ मीटर आत अर्धा टक्का, 50 लक्सच उरतो. टेबलावरच्या कामाला तीनशे ते पाचशे लागतात. म्हणजे शेवटच्या तीन रांगांना दिवसभर दिवे लागणार. चित्रात तिथला माणूस पहिल्या रांगेइतकाच उजळलेला आहे.

हे होतं कसं? चित्र काढणारा सीलिंगखाली प्रकाशाचे चौकोनी पत्रे टांगतो आणि ते ‘दिसू नयेत’ असं सॉफ्टवेअरला सांगतो. उजेड पडतो, दिवा दिसत नाही. वर खिडकीकडचा भगभगीतपणा दाबला, सावल्या उचलल्या, की झालं. पकडायचं असेल तर खुर्च्यांच्या पायाशी बघा. उजेड पूर्वेच्या खिडकीतून येत असेल तर सावली पश्चिमेला लांबायला हवी. इथं ती खुर्चीच्या बरोबर खाली गोळा झालीय. चोरी तिथंच उघडी पडते.

आणि ऊन कुठं गेलं? 21 डिसेंबरला सकाळी नऊ वाजता पुण्यात पूर्वेच्या या खिडकीतून ऊन जमिनीवर चार-साडेचार मीटर आत येतं. पहिल्या दोन रांगांच्या स्क्रीन धुऊन निघतात. मग काय होतं? कुणीतरी उठून पडदा ओढतो, आणि तो संध्याकाळपर्यंत कुणी उघडत नाही. एवढ्या काचेचे पैसे मोजून ऑफिस ट्यूबवर चालतं, ते असं.

खरा सारखा उजेड मिळतच नाही असं नाही. मुंबईच्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवा. उभी काच उत्तरेकडे, उतरता पत्रा दक्षिणेकडे. उजेड वरून येतो, म्हणून मधल्या मागालाही मिळतो. अर्थात इंग्लंडची ही युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. इथं चुडाव्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, सकाळ-संध्याकाळ तर जास्तच. तेव्हा त्या काचेलाही आडोसा लागतो. आणि मुख्य म्हणजे वर छप्पर हवं. दहा मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर छप्पर आणणार कुठून?

आता सीलिंगकडे या, थोडक्यात. ते एकसंध, मीटिंग रूमवरूनही सलग गेलंय, आणि काच त्याच्या खाली येऊन थांबते. दिसायला सुंदर. पण त्या हलक्या टाइल खोलीतला घुमारा कमी करतात, आवाज अडवत नाहीत. आतलं बोलणं टाइलमधून वर जातं, पोकळीतून सरकतं आणि बाहेरच्या टेबलावर उतरतं. पगारवाढीचं बोलणं करायला ही खोली, आणि ऐकायला अख्खी रांग! भिंत वरच्या स्लॅबपर्यंत न्यायला हवी, निदान पोकळीत तरी जड आडभिंत हवी. तेवढी एक रेघ चित्रात आली असती तर सीलिंगचा सलगपणा मोडला असता, म्हणून ती नाही.

परवा एका मालकांनी आम्हाला असंच चित्र सहीसाठी दाखवलं. आम्ही म्हटलं, साहेब, हेच पुन्हा काढून मागा: सगळे छुपे दिवे बंद, गावाचे अक्षांश-रेखांश टाकून, 21 डिसेंबर सकाळचे नऊ, आणि कॅमेरा शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर. आठ दिवसांनी चित्र आलं. मागचा अर्धा भाग करडा, पुढं उन्हाचे पट्टे. मालक थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मग पेंट्री आणि स्टोअर मागं टाकू, आणि माणसं पुढं आणू.”