वरून खाली लिहिलेला कौल

पिरंगुटला वाचायला मिळालेल्या एका अप्रकाशित कथेतला किराणा दुकानदार, पत्रमित्राच्या पत्राला उत्तर द्यावे की नाही, हे चिनी ‘यी चिंग’ला विचारतो. तीन नाणी सहा वेळा टाकून तो बिलाच्या पाठीवर सहा रेषा काढतो. दोन अखंड, दोन मधोमध तुटलेल्या, पुन्हा दोन अखंड: ही एकसष्टावी आकृती, ‘अंतरीचे सत्य’. दुसऱ्या खेपेला तिन्ही नाण्यांवर छापा पडतो. छाप्याचे तीन धरून बेरीज नऊ होते, म्हणजे ती रेषा बदलती.

आकृती खालून वर रचायची असते. दुकानदार मात्र हिशेबासारखा वरून खाली लिहितो. ही आकृती उलटली तरी तशीच दिसते, म्हणून चूक लपते. पण खालून दुसरी रेषा बदलली तर बेचाळिसावी आकृती येते, ‘वाढ’. वरून दुसरी बदलली तर एक्केचाळिसावी, ‘घट’. शिवाय खालून दुसऱ्या रेषेच्या वचनात सावलीतून हाक देणाऱ्या क्रौंचाला त्याचे पिल्लू प्रतिसाद देते. पत्रोत्तराला याहून स्पष्ट कौल कोणता? दुकानदार ‘घट’ वाचतो आणि गप्प राहतो.

लेखकाने हे कुठेच उलगडलेले नाही. तरी मी ते अनवधान मानत नाही, कारण खातेवहीत वरून खाली आकडे मांडणारा त्याचा हात कथेत आधीच दोनदा दिसतो. कौल बरोबर पडला होता. हाताच्या सवयीने तो फिरवला.